पहिलं ॲप आणि कव्हर नोट: मावशीचे पुसलेले खाडे

प्रश्न: बीएससी आयटी झालंय, इंटर्नशिप नाही. पहिलं ॲप नुकतंच प्ले स्टोअरवर टाकलं, डाऊनलोड फक्त साठेक आहेत. मुंबईत ज्युनिअर डेव्हलपरसाठी अर्ज करतोय. कव्हर नोटमध्ये ॲपबद्दल काय आणि किती लिहू? डाऊनलोडचा आकडा टाकू की नको?

उत्तर:

साठ तर साठ, तोच आकडा लिहा. प्ले स्टोअरच्या पानावर `50+` छापलेलं असतंच, लिंक उघडणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं. माझ्या पहिल्या नोटेत क्लासच्या सरांनी 'हजारहून जास्त युजर्स' लिहायला लावलं होतं आणि माझ्या पानावर तेव्हा `10+` होतं. त्या नोटेसकट 31 अर्ज गेले, एकाचंही उत्तर आलं नाही. सरांशी माझा वाद तेव्हापासूनचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

माझी मावशी लालबागला डबे देते. तेव्हा 34 डबे होते. महिनाअखेरचा सगळा हिशेब खाड्यांवर चालतो: कोण कुठल्या दिवशी जेवलं नाही, सकाळ की रात्र. हे ती ओट्याशेजारच्या कालनिर्णयवर लिहायची. तारखेच्या चौकोनात 'जो. रा.' म्हणजे जोशी, रात्रीचा खाडा. फोडणीच्या तेलाचे डाग पडले की 'जो.' आणि 'गो.' यांत फरक कळत नसे आणि पैशांवरून बोलाचाली व्हायची. म्हणून मी 2024 च्या सुरुवातीला खाड्यांचं ॲप लिहिलं. नव्या वैयक्तिक खात्याला तेव्हा 20 टेस्टर सलग 14 दिवस लागायचे (आता 12 लागतात), ते मी आमच्या चाळीतून आणि मावशीच्या गिऱ्हाइकांतून जमवले.

जुलैत मावशी म्हणाली, प्रत्येकाच्या पोळ्या वेगळ्या असतात, तेही लिहून ठेवता आलं पाहिजे. मी गिऱ्हाइकांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, Room डेटाबेसची आवृत्ती 1 ची 2 केली आणि अपडेट सोडला. 27 तारखेला रात्री साडेनऊला तिचा फोन आला, "अरे, सगळं कोरं दिसतंय. माझी माणसं कुठे गेली?"

झालं होतं असं. कुठल्याशा व्हिडिओत बघून मी `fallbackToDestructiveMigration()` ही ओळ टाकली होती. तिचा अर्थ सरळ आहे: जुन्या तक्त्यावरून नव्यावर कसं जायचं ते सांगितलेलं नसेल, तर जुने तक्ते पाडून टाक आणि नवे रिकामे बांध. ॲप बंद पडलं नाही, त्यामुळे प्ले कन्सोलमध्ये एकही क्रॅश नव्हता. माझ्या फोनवरही मला काही जाणवलं नाही, कारण मी दर वेळी ॲप काढून नव्याने टाकत होतो. तिथे पुसायला जुनं काही नव्हतंच.

लिहायला हवी होती ती एवढीच ओळ, मायग्रेशनमध्ये:

```sql
ALTER TABLE grahak ADD COLUMN polya INTEGER NOT NULL DEFAULT 4
```

ही टाकून, ती घातक ओळ काढून, मी दुसऱ्या दिवशी नवा अपडेट दिला. पण गेलेलं परत आलं नाही. मावशीने 12 तारखेपर्यंत सवयीने कालनिर्णयवरही लिहिलं होतं, तेवढं मिळालं. पुढच्या 15 दिवसांसाठी आम्ही दोघांनी एकेकाला फोन केले आणि जो सांगेल ते खरं धरलं. त्या महिन्यात तिचं नुकसान झालं. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

मी सरांना म्हटलं, हेच नोटेत लिहितो. ते म्हणाले, "आपली चूक कोणी अर्जात लिहितं का? फीचर्स लिही, सोळा स्क्रीन आहेत ते लिही." मी ऐकलं नाही. पाठवली ती नोट इंग्रजीत होती, मजकूर असा:

"डबे पुरवणाऱ्या एका व्यावसायिक बाईंसाठी मी खाड्यांच्या हिशेबाचं ॲप एकट्याने लिहिलं आणि प्ले स्टोअरवर आणलं. डाऊनलोड 43 आहेत, त्या स्वतः ते रोज वापरतात. जुलैच्या अपडेटमध्ये मायग्रेशन न लिहिल्याने त्यांचा त्या महिन्याचा डेटा पुसला गेला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती दिली. तेव्हापासून प्रत्येक अपडेटआधी जुनी आवृत्ती टाकून, तिच्यात डेटा भरून, त्यावरच नवी चढवून बघतो. ती दुरुस्ती कोडच्या दुव्यावर वेगळ्या कमिटमध्ये आहे. सोबत ॲपची लिंक आणि 40 सेकंदांचा व्हिडिओ."

बास. 'पॅशनेट' नाही, 'क्विक लर्नर' नाही. अंधेरीच्या ज्या टीमने बोलावलं, तिथल्या लीडने पहिलाच प्रश्न टाकला, "पहिल्या आवृत्तीवरून थेट तिसरीवर कोणी आलं तर?" मी म्हटलं, 1 ते 2 आणि 2 ते 3 अशी दोन्ही मायग्रेशन्स लिहिलेली असली तर Room ती ओळीने चालवतं, म्हणून जुनं मायग्रेशन कधी काढायचं नाही. पुढची अर्धी मुलाखत त्यावरच गेली. सोळा स्क्रीनबद्दल कोणी विचारलं नाही. आता आमच्याकडे येणारे अर्ज मीही वाचतो. लॉगिन, डार्क मोड, नोटिफिकेशन अशी यादी दिसली की मला त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही, कारण ती यादी ट्युटोरियलमधूनही येते. काय बिघडलं, कसं कळलं आणि आता काय वेगळं करतो, हे मात्र ज्याने केलंय तोच लिहू शकतो.

तुमच्याही ॲपमध्ये असं काहीतरी असेलच. डेटाच पुसला गेला पाहिजे असं नाही. एखाद्या टेस्टरच्या जुन्या फोनवर बटण कीबोर्डखाली गेलं असेल, तेही चालेल. दुरुस्ती कोडमध्ये दाखवता आली पाहिजे, एवढंच.

लिंक पाठवण्याआधी गुगलमधून लॉग आऊट करून उघडून बघा. ॲप अजून क्लोज्ड टेस्टिंगमध्येच असेल तर टेस्टर नसलेल्याला पानच सापडत नाही, आणि तुम्हाला मात्र सगळं ठीक दिसतं. वाचणारा ऑफिसात लॅपटॉपवर असतो, तो ॲप फोनवर टाकेलच असं नाही. व्हिडिओ त्यासाठी हवा. लॉगिन लागत असेल तर एक नमुना खातं द्या.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. व्हिडिओत खऱ्या गिऱ्हाइकांची नावं-नंबर येऊ देऊ नका. माझ्या पहिल्या व्हिडिओत मावशीची पूर्ण यादी दिसत होती, तो मी नंतर बनावट नावं भरून पुन्हा काढला. आणि मोठ्या कंपन्यांच्या भरतीत, जिथे आधी ॲप्टिट्यूड टेस्ट असते, तिथे ही नोट बहुधा कोणी वाचत नाही. तिथे तीन ओळी पुरेत. लहान टीमला, जिथे लीड स्वतः मेल उघडतो, तिथे पूर्ण पाठवा.

सर अजूनही मुलांना स्क्रीन मोजायला सांगतात असं ऐकतो. तुम्हाला कोणी तसं सांगितलं तर त्यांना विचारा, या सोळांपैकी कुठली स्क्रीन कोणी रोज उघडतं? मावशी रोज रात्री जेवणं आटोपली की एकच उघडते, खाड्यांची.