फऱ्याजवळची खाज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दीड वर्षापासून डाव्या फऱ्याच्या आतल्या कडेला तळहाताएवढ्या जागेत खाज सुटते, कधी मुंग्या चालल्यासारखे वाटते. पुरळ नाही. अॅलर्जीच्या गोळ्या महिनाभर घेऊनही फरक पडला नाही.

उत्तर: अॅलर्जीच्या गोळ्या हिस्टामिन या शरीरात खाज सुटवणाऱ्या रसायनाला अडवतात, आणि आपल्या खाजेमागे बहुधा हिस्टामिन नसावे. आपण केलेले वर्णन ‘नोटाल्जिया पॅरेस्थेटिका’ या विकाराशी जुळते. छातीच्या मागच्या मणक्यांतून, विशेषतः दुसऱ्या ते सहाव्यातून, निघणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा पाठीच्या स्नायूंतून जवळजवळ काटकोनात वळून त्वचेकडे येतात. तेथे किंवा मणक्यापाशी त्या दाबल्या वा डिवचल्या गेल्या, की त्वचा निरोगी असूनही मेंदूला खाजेचा निरोप पोहोचतो, असे मानले जाते. घरातील कोणाकडून डोळे मिटून खाजेच्या जागी आणि उजव्या बाजूच्या तशाच जागी कापसाचा स्पर्श करवून घ्यावा. दोन्ही बाजूंच्या स्पर्शात फरक जाणवला, तर मज्जातंतूचा संशय बळावतो; न जाणवल्यास मात्र तो फिटत नाही.

प्रश्न: आता त्या जागी काळसर डाग पडला आहे. हा त्वचारोग तर नाही?

उत्तर: डाग बहुधा खाजवण्याचा परिणाम आहे. हात पोहोचत नाही म्हणून माणसे कंगवा, पट्टी, दाराची चौकट, जे सापडेल त्यावर पाठ घासतात, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने त्वचा काळवंडते. कधी त्वचेचा तुकडा तपासल्यावर अहवालात ‘अमायलॉइड’, म्हणजे साठलेले एक प्रथिन, असा शब्द येतो आणि घरचे घाबरतात. घर्षणातून साठलेले हे अमायलॉइड त्वचेपुरतेच असते, त्याचा हृदय वा मूत्रपिंडाच्या अमायलॉइड रोगाशी संबंध नसतो. स्टेरॉइडचे मलम येथे फारसे उपयोगी पडत नाही आणि दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते.

प्रश्न: डॉक्टरांनी कॅप्सायसिनचे मलम दिले, पण लावताच आग होते. बंद करू का?

उत्तर: सौम्य आग अपेक्षित आहे. मिरचीतील हा घटक मज्जातंतूंच्या टोकांना आधी चेतवतो आणि मग थकवतो, म्हणून 0.025 टक्क्यांचे मलम सहसा दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नियमाने लावावे लागते. मध्येच सोडून पुन्हा सुरू केल्यास आगही पुन्हा सुरू होते. ओरखड्यांवर लावू नये आणि लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. फोड आले किंवा आग असह्य झाली तर थांबून डॉक्टरांना विचारावे. मलम बंद केल्यावर खाज परतणे ही या उपायाची खरी मर्यादा आहे. मलम सोसवत नसेल तर त्वचा बधिर करणारे लिडोकेन किंवा मज्जातंतूंना शांत करणारे गॅबापेंटिन यांचा विचार होतो.

प्रश्न: मणक्याचा एमआरआय करून घ्यावा का?

उत्तर: प्रत्येकाला गरज नसते, कारण मणक्याची झीज अनेकांत दिसते आणि तिची पातळी खाजेच्या जागेशी जुळतेच असे नाही. मात्र पायात अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे, रात्री वाढणारी पाठदुखी किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास तपासणी लांबवू नये.