झूमवरच्या मुलाखतीत दोघांचे आवाज वेगळे आणि स्वच्छ कसे मिळवावेत?

«मी फोंड्यात, पाहुणे पेडण्यात. झूमवर वेगळे ट्रॅक घेतले, तरी त्यांचा आवाज मध्येच फाटतो. असं का?»

झूममधलं `Record a separate audio file for each participant` ट्रॅक वेगळे करतं खरं, पण पाहुण्यांचा आवाज नेटवरून आल्यावरच नोंदतं. पावसात लाईन डळमळली की फाटलेलाच आवाज वेगळ्या फाईलमध्ये पडतो.

म्हणून ज्याचा आवाज त्याच्याच घरी रेकॉर्ड व्हायला हवा. पेडण्याच्या एका दशावतारी कलाकाराशी बोलताना मी असंच केलं. कॉल लॅपटॉपवर, आणि त्यांचा फोन फ्लाईट मोडमध्ये, रेकॉर्डर चालू करून तोंडापासून वीतभर अंतरावर. इकडे मी ऑडॅसिटीत मोनो, 48000 हर्ट्झवर नोंदलं. दोघांच्याही कानांत इयरफोन हवेतच, नाहीतर माझा आवाज त्यांच्या स्पीकरमधून त्यांच्या फाईलमध्ये घुसतो. पंखाही बंद करायला सांगा (उन्हाळ्यात यजमान नाराज होतात, पण इलाज नाही).

झूमचं रेकॉर्डिंगही चालू ठेवा, ते जुळवणीला लागतं. ते वरच्या ट्रॅकवर ठेवून दोन्ही फाईली सरकवत त्याच्याशी जुळवा आणि शेवटी ते म्यूट करा. सुरुवात जुळली तरी तासाभराने उत्तर प्रश्नावर चढू लागेल, कारण दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. तासात 0.2 सेकंदांचा फरकही कानाला कळतो. अशा वेळी दर दहा मिनिटांनी एखाद्या शांत जागी पाहुण्यांचा ट्रॅक कापून पुढचा भाग पुन्हा जुळवा.

कॉल संपला की फाईल लगेच मागवून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून.