आधी ठरव, मग पिस

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तू पाठवलेला फोटो पाहिला. तुझ्या मनातल्या त्या मुलाबद्दल चादरीवर मांडलेली टॅरोची पाच कार्डं आणि त्यांच्या शेजारी उताणं पडलेलं टू ऑफ कप्स, प्रेमाच्या जोडीचं कार्ड. खाली तुझा प्रश्न : "मावशी, पिसताना हे उडालं. धरू ना?" त्या 'ना'पाशी मी अडले. मग खोदून विचारलं तेव्हा तू कबूल केलंस की त्याआधी एट ऑफ कप्स उडालं होतं, पण ते तू 'हात घसरला' म्हणून परत कॅटात सरकवलंस.

हात तोच, कॅट तोच, प्रश्न तोच. मग एक नुसतं घसरलं आणि दुसऱ्यानं कौल दिला, हे कुणी ठरवलं? तुझ्या आशेनं. आधी ठरव, मग पिस. मला एवढंच सांगायचंय, आणि मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

उडालेलं कार्ड अजिबात न धरणारे चांगले वाचक आहेत, प्रत्येक धरणारेही आहेत. दोन्ही चालतं. कार्ड पडल्यावर, त्याचं तोंड बघून नियम करणं तेवढं चालत नाही.

माझा नियम सांगते. एकच कार्ड कॅटातून पूर्ण सुटून खाली पडलं तर धरायचं. अर्धवट बाहेर डोकावलेलं आत ढकलायचं. तीन-चारचा गठ्ठा पडला तर सगळा परत, कारण तो पकड सुटल्याचा पुरावा आहे. तुझा कॅट नवा, गुळगुळीत. पत्ते आपल्या खेळायच्या पत्त्यांपेक्षा लांब-रुंद, वर ७८ पत्त्यांची जाडी, आणि तुझी बोटं लहान. शिवाय तू भरभर पिसतेस. अशा हातातून पत्ते उडणारच. टेबलावर बस, कॅटाचे दोन भाग करून सावकाश पिस. पाच मिनिटांत चार कार्डं उडत असतील तर अर्थ शोधू नकोस, पकड सुधार. आणि उडालेलं कार्ड उलटं पडलं तरी मी ते सुलटंच वाचते. हवेत गिरकी घेतलेल्या कार्डाच्या दिशेला काय धरायचं?

आता एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. टू ऑफ कप्स तू बाजूला ठेवलंस आणि उरलेल्या ७७ मधून पाच काढलीस. म्हणजे मांडणीतल्या 'त्याच्या मनात काय' या जागी ते कार्ड येण्याची वाटच तू बंद केलीस. जे हवं होतं ते जागेविना बाजूला पडलं आणि मांडणीवर सावली धरून बसलं. म्हणून मी उडालेलं कार्ड झाकून ठेवते आणि मांडणी पुरती वाचून झाल्यावर सगळ्यात शेवटी उघडते.

आणि ते त्याच्याबद्दल वाचत नाही. पिसणारे हात तुझे होते, म्हणून ते तुझं. तू नियम आधी केला असतास तर पहिलं उडालेलं एट ऑफ कप्स राहिलं असतं. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथनं काढलेलं ते चित्र नीट बघ. लाल झगा घातलेला माणूस पाठमोरा निघालाय. मागे खाली पाच पेले, वर तीन, आणि वरच्या ओळीत एका पेल्याएवढी फट. पेले सांडलेले नाहीत, रचून ठेवलेत. तू घाबरलीस, कारण तुला त्यात तो निघून जाताना दिसला. मी ते तुझ्याकडे वळवून विचारलं असतं : जे आहे ते जागच्या जागी असताना तुला कुठली फट सलतेय?

पण या वेळी दोन्ही सोड. नियमच नव्हता, त्यामुळे एकही मोजता येत नाही.

मी इतकी चिडते त्याचं कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी लग्न मोडलेली एक बाई माझ्यापुढे बसली होती. थ्री ऑफ स्वोर्ड्स पडलं, तिचा चेहरा उतरला, मी ते अलगद आत घातलं. पुढे लव्हर्स उडालं, ती उजळली, मी ते मोजलं. ती दोन वर्षं थांबली. तो आला नाही. मी खोटं बोलले नव्हते, हे मी आजही म्हणते. कार्ड खरंच उडालं होतं आणि समोर रडणाऱ्या बाईला तीन तलवारींनी छेदलेलं काळीज दाखवायला माझा हात झाला नाही. पण नियम आधी सांगितला असता तर हाताला विचारायची वेळच आली नसती. ते आत सरकवलेलं कार्ड मला अजून आठवतं, लव्हर्स नाही.

तर हाच प्रश्न या आठवड्यात पुन्हा विचारू नकोस. रविवारी ये, कॅट घेऊन ये. पिसायला हात लावण्याआधी तुझा नियम मला मोठ्यानं म्हणून दाखवायचा. मग पडू दे काय पडायचं ते.

तुझी,
मावशी