हेबिअस कॉर्पस : सुटका की उत्तर?

प्रश्न : 'देहोपस्थिती', 'बंदी प्रत्यक्षीकरण' आणि 'हेबिअस कॉर्पस' एकच का? अटक झालेल्या कोणासाठीही ही याचिका करता येते का? आणि 'मँडॅमस' मागून नोकरी मिळवता येते का?

तिन्ही एकच. 'देहोपस्थिती' हा राज्यघटनेच्या मराठी पाठातला शब्द, 'बंदी प्रत्यक्षीकरण' हिंदीतून आलेला. मी मूळ लॅटिन नावच लिहितो, कारण कोर्टात तेच बोललं जातं.

ही रिट, म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा खास आदेश, थेट सुटकेचाच हुकूम असतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्याला न्यायालय एकच गोष्ट विचारतं : कोणत्या अधिकाराने ठेवलंय? उत्तर कायद्यात बसलं तर याचिका फेटाळली जाते, नाही बसलं तर माणूस सुटतो. तो निर्दोष आहे का, याची चौकशी इथे होत नाही.

आता अटकेचं बघू. सोमवारी संध्याकाळी सहाला एखाद्याला पोलिसांनी पकडलं. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं. बुधवार उजाडला तरी नेलं नाही, तर हा ताबा बेकायदा झाला आणि हेबिअस कॉर्पसचा रस्ता मोकळा. पण गुरुवारी, याचिकेची सुनावणी व्हायच्या आत, पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं आणि रीतसर कोठडी मिळवली, तर आता 'कोणत्या अधिकाराने?' याला न्यायिक आदेश हे उत्तर तयार असतं. आधीच्या उशिराची दाद वेगळी मागता येते, पण ही याचिका बहुधा टिकत नाही. वकील मंडळी घाई करतात ती याचसाठी. कोठडीचा आदेश अधिकारच नसलेल्याने दिला असेल, उघड बेकायदा असेल किंवा कागद न बघता यांत्रिकपणे दिलेला असेल, तरच हेबिअस कॉर्पस पुन्हा चालते. मनुभाई रतिलाल पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्यामुळे 'आरोपी न्यायालयीन कोठडीत असल्याने याचिका फेटाळली' या बातमीत चमत्कारिक काही नाही. तिथे मार्ग जामिनाचा.

उत्तरच नसलं की काय होतं, ते रुदुल साहच्या प्रकरणात दिसतं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला १९६८ मध्ये निर्दोष सोडलं, पण तो तुरुंगाबाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी! तो वेडसर होता म्हणून ठेवला, असं तुरुंगाचं म्हणणं. मात्र हे कशाच्या आधारावर ठरवलं आणि उपचार काय केले, याचा धड खुलासा त्यांना करता आला नाही. सुनावणीपर्यंत तो सुटलेला होता, म्हणजे सुटकेची मागणी निकालात निघाली होती. तरीही सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८३ मध्ये याचिका तिथेच संपवली नाही. आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये अंतरिम भरपाई म्हणून द्यायला लावले. रक्कम आज तुटपुंजी वाटते (तेव्हाही वाटली असेल), पण मूलभूत हक्क तुडवल्याबद्दल रिट याचिकेतच भरपाई मिळू शकते, हे त्या निकालाने रुजवलं.

आणखी एक : ही याचिका डांबलेल्याच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रही करू शकतो, आणि ताबा खासगी व्यक्तीचा असला तरी उच्च न्यायालयात चालते. सज्ञान मुलीला मनाविरुद्ध घरात कोंडलं, तर तिचा नवरा ती करतो. न्यायाधीश मुलीलाच विचारतात, कुठे जायचंय?

मँडॅमसची ठेवण वेगळी. मराठी घटनेत 'महादेश'. सार्वजनिक अधिकाऱ्यावर कायद्याने टाकलेलं काम तो करत नसेल, तर ते कर, असा हुकूम. इथे सहसा आधी स्वतः लेखी मागणी करावी लागते आणि ती नाकारली गेलेली किंवा दुर्लक्षित राहिलेली असावी लागते. थेट कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न 'अर्ज कुठे दिला होता?' हाच येतो.

आता नोकरी. निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही, असं घटनापीठाने शंकरसन दाश खटल्यात १९९१ मध्ये सांगितलं. जागा भरायच्या की नाही, हे सरकार ठरवू शकतं, फक्त मनमानी चालत नाही. म्हणून 'मला नेमा' असा मँडॅमस सहसा मिळत नाही. मिळतो तो बहुतेकदा 'अर्जावर अमुक आठवड्यांत निर्णय घ्या' असा. निर्णय घेणं हे कर्तव्य आहे, तुमच्या बाजूने घेणं नाही. तेव्हा 'कोर्टाने विचार करायला सांगितलं' अशी बातमी वाचून पेढे वाटायची घाई करू नका. अधिकारी विचार करून, कारणं लिहून, नकारही देऊ शकतो.