रोलओव्हरआधी एवढं बघा

‘पुढच्या महिन्याचं फ्युचर महाग, म्हणजे सोनं वाढणार’ ही नवख्यांची पहिली चूक. समजा हजर भाव १,००,००० आणि व्याज वर्षाला ६ टक्के. मग दोन महिन्यांचं फ्युचर, म्हणजे दोन महिन्यांनी सोनं घ्यायचा आजच भाव ठरवलेला सौदा, साधारण १,०१,००० असणारच. तो अंदाज नव्हे, अडकलेल्या पैशाचं व्याज. पुढचा महिना असा महाग असणं म्हणजेच कॉन्टँगो.

हजर भाव जागचा हलला नाही तरी खरेदीदाराचे ते हजार रुपये मुदतीपर्यंत थोडेथोडे विरघळतात. रोलच्या दिवशी, म्हणजे जुनं फ्युचर विकून पुढच्या महिन्याचं घेतो त्या दिवशी, एकदम जात नाहीत (मीही आधी तसंच समजायचो). पुढचं फ्युचर पुन्हा चढ्या भावाने घेतलं की तीच गळती सुरू.

क्रूडमध्ये तातडीची टंचाई आली की जवळचा महिना महाग होतो. हे बॅकवर्डेशन, तिथे पुढचा महिना स्वस्तात मिळतो, म्हणून रोल खरेदीदाराच्या बाजूने. सौद्याआधी दोन्ही महिन्यांतला फरक लिहून काढा.