स्टोअरमधून एक दिवस पीपीसीत बसायचं असेल तर साहेबांना काय लिहायचं

प्रश्न: वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत स्टोअरला आहे. पीपीसीवाले प्लॅन कसा लावतात ते एक दिवस शेजारी बसून बघायचंय. साहेब म्हणणार कंपनीला काय फायदा? कसं विचारू?

उत्तर:

मी पीपीसीतच आहे भाऊ, म्हणजे तुमच्यासारखा माणूस ज्याच्या शेजारी येऊन बसतो तो मी. नुसतं "शिकायचंय" म्हणून कुणी आलं की आमचे साहेब गोड बोलून पुढच्या महिन्यावर ढकलतात, कारण सकाळी शॉर्टेज मीटिंग, मग लाइनवर पळापळ, त्यात पाहुणा कोण सांभाळणार. पण स्टोअर आणि पीपीसी या दोघांत अडकलेला एखादा प्रॉब्लेम घेऊन आलं तर लगेच हो म्हणतात.

तुमच्याकडं तसा प्रॉब्लेम बहुतेक असणारच. समजा सकाळी सिस्टिमला बुशचा स्टॉक ६०० आहे. फर्स्ट शिफ्टला तुम्ही स्लिपवर २५० इश्यू केले, पण स्लिपांची एंट्री तुम्ही शिफ्ट सुटताना म्हणजे चारच्या सुमारास मारता. इकडं प्लॅनर तीन वाजताच स्टॉक काढून सेकंड शिफ्टचा प्लॅन लावतो, त्याला ६०० दिसायलेत, तो बिनधास्त ५०० पीसचा प्लॅन टाकतो. रॅकवर खरे ३५०. मग रात्री आठ-नऊला लाइन थांबते, दुसऱ्या पार्टची सेटिंग लावायला पाऊणेक तास जातो, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये स्टोअर म्हणतं प्लॅन चुकला, पीपीसी म्हणतं स्टॉक चुकला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, फक्त एकमेकांच्या घड्याळाचा पत्ता नाही. हे फोनवर विचारून कळत नाही, कारण प्लॅनरला स्वतःलाच कधी वाटलेलं नसतं की तीन वाजता स्टॉक काढतो हे सांगण्यासारखं काही आहे.

म्हणून आधी मागच्या महिन्याचा शॉर्टेजचा रिपोर्ट काढा, त्यात सिस्टिमला माल होता पण रॅकवर नव्हता अशा केसेस वेगळ्या करा आणि प्रत्येकीत लाइन किती मिनिटं थांबली ते प्रॉडक्शनच्या लॉगबुकातून घ्या. साहेबांपुढं ती मिनिटंच ठेवा, त्याचे रुपये करू नका. तासाचा रेट अकाउंट्सवाल्यांकडं असतो, तुम्ही अंदाजे आकडा टाकला की सगळी चर्चा त्या आकड्यावरच जाते.

पहिल्यांदा स्वतःच्या साहेबांनाच विचारा. आमच्याकडं डायरेक्ट आलात तर तुमच्या साहेबांच्या डोक्यात एकच येणार, हा बदली मागायलाय. तोंडी बोला आणि मग दोन-चार ओळींचा मेल टाका, असा काहीतरी:

"साहेब, येत्या बुधवारी फर्स्ट शिफ्टला पीपीसीत प्लॅनरसोबत बसायची परवानगी हवी होती. आपली इश्यूची एंट्री आणि त्यांचा दुपारचा प्लॅन यांच्या वेळा जुळत नसाव्यात, त्यामुळं सेकंड शिफ्टला शॉर्टेज निघतं असं वाटतं. मागच्या महिन्याची यादी जोडली आहे. त्या दिवशी काउंटर आपला दुसरा माणूस बघेल, त्याच्याशी बोललो आहे. मी सिस्टिमला हात लावणार नाही, कस्टमरच्या शेड्यूलचा फोटो काढणार नाही. गुरुवारी काय दिसलं ते एका पानात देतो. बदलीसाठी विचारत नाहीये."

काउंटरची ओळ नसेल तर बाकीचं कितीही चांगलं लिहा, मेल तिथंच अडकतो. साहेबांना तुमच्या शिकण्यापेक्षा बुधवारी चाकणवरून गाडी आली तर माल कोण उतरवून घेणार याची काळजी जास्त.

तारीख महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली मागा, शेवटच्या आठवड्यात बिलिंगची मारामारी असते, स्टॉक टेकिंग किंवा कस्टमर ऑडिट असेल तर विषयच नाही. आणि बसायचं ते प्लॅनरजवळ, मॅनेजरजवळ नाही, मॅनेजर अर्धा दिवस मीटिंगातच असतो. प्लॅन लावताना मध्ये बोलू नका, तो कुठल्या स्क्रीनवरून किती वाजता कुठला आकडा उचलतो तेवढं वहीत वेळेसकट लिहा आणि जेवणाच्या सुट्टीत विचारा.

वेळा खरंच जुळत नसतील तर गुरुवारच्या पानावर एकच मागणी ठेवा, इश्यूच्या स्लिपांची एंट्री अडीचपर्यंत मारायची आणि त्यानंतरच्या स्लिपा प्लॅनरला फोनवर सांगायच्या. खर्च शून्य, म्हणून साहेबांना नाही म्हणायला जड जातं. वेळा जुळत निघाल्या तर तसंही लिहून द्या, मग रिजेक्शनची एंट्री राहते का किंवा बिनमधली मोजणी चुकते का हे बघावं लागेल, आणि ते काम तुमच्याच रॅकवर आहे, त्याला पीपीसीत बसायची गरज नाही.

पूर्ण शिफ्ट नाहीच म्हणाले तर दुपारी अडीच ते साडेतीन एवढाच तास मागा, प्लॅन तेव्हाच लागतो.