‘धरसोड’ की ‘कालविसंगती’?

“पतधोरणावरील लेखनात येणाऱ्या ‘टाइम इनकन्सिस्टन्सी’ला मराठीत सरळ ‘धरसोड’ म्हटले तर चालेल का? आणि मध्यवर्ती बँक स्वतंत्र केल्याने ही धरसोड कशी थांबते? शेवटी तिथेही निर्णय माणसेच घेतात ना?”

‘धरसोड’ हा शब्द मी येथे वापरणार नाही. धरसोड करणारा माणूस आज एक ठरवतो आणि उद्या दुसरे, कारण त्याचे मन स्थिर नसते. या संकल्पनेत मात्र निर्णय घेणाऱ्याचे उद्दिष्ट बदलत नाही, त्याला कोणती नवी माहिती मिळत नाही आणि त्याचा हिशेबही चुकत नाही. तरीही आज आखलेली सर्वांत चांगली योजना प्रत्यक्षात आणण्याची वेळ आली की त्यालाच ती सर्वांत चांगली वाटेनाशी होते. दोष स्वभावात नसून निर्णयांच्या क्रमात आहे, आणि म्हणून ‘कालविसंगती’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. एका काळाची घटना दुसऱ्या काळात दाखवण्याच्या चुकीला आपण ‘कालविपर्यास’ म्हणतो; त्याच्याशी याची गल्लत होऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

ही कल्पना फिन किडलंड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९७७ साली मांडली, आणि १९८३ मध्ये रॉबर्ट बॅरो व डेव्हिड गॉर्डन यांनी तिला पतधोरणापुरते सोपे रूप दिले. त्याच धर्तीवर सोयीचे आकडे घेऊन एक हिशेब करून पाहू. समजा, एका अर्थव्यवस्थेत बेरोजगारी एरवी ६ टक्क्यांवर स्थिरावते. वर्षाच्या आरंभी कामगार आणि मालक महागाईचा अंदाज बांधून वेतन ठरवतात. महागाई त्या अंदाजापेक्षा जास्त झाली, तर ठरलेले वेतन वस्तूंच्या किमतींच्या मानाने स्वस्त पडते, मालक अधिक माणसे कामावर घेतात आणि अंदाज जितक्या टक्क्यांनी चुकला तितक्या टक्क्यांनी बेरोजगारी घटते. धोरणकर्त्याला बेरोजगारी ४ टक्के आणि महागाई शून्य हवी आहे. या दोन्हींपासून जे अंतर राहील त्याचे वर्ग करून बेरीज केली की त्या वर्षाचे नुकसान मिळते, असे धरू.

धोरणकर्ता जाहीर करतो की महागाई शून्य राहील, आणि लोक विश्वास ठेवतात. त्याने शब्द पाळला तर बेरोजगारी ६ वर राहते आणि नुकसान २ चा वर्ग, म्हणजे ४ होते. पण वेतनाचे करार आता होऊन गेले आहेत. या क्षणी त्याने महागाई १ टक्का होऊ दिली, तर बेरोजगारी ५ होते आणि नुकसान १ अधिक १, म्हणजे केवळ २. शब्द मोडणे त्याला फायद्याचे आहे, आणि तेही लोकांच्याच हितासाठी. विसंगती नेमकी येथे आहे: करारांपूर्वी शून्य महागाईचे वचन देणे योग्य होते आणि करारांनंतर ते मोडणे योग्य ठरते.

मात्र लोकांनाही हे गणित येते. पुढच्या खेपेस ते १ टक्का महागाई गृहीत धरून वेतन मागतात. तेव्हा धोरणकर्त्याच्या दृष्टीने सर्वांत चांगली महागाई दीड टक्का ठरते. लोकांनी दीड धरली, तर पावणेदोन. ही चढण २ टक्क्यांवर थांबते, कारण तेथे लोकांचा अंदाज आणि धोरणकर्त्याची निवड एकच होते. तेथे महागाई २, बेरोजगारी पुन्हा ६ आणि नुकसान ४ अधिक ४, म्हणजे ८. रोजगार तसूभरही वाढला नाही आणि महागाई मात्र कायमची पदरात पडली. शब्द पाळला असता तर नुकसान ४ वर थांबले असते.

‘डिस्क्रिशन’साठी आपण ‘विवेकाधिकार’ हा शब्द वापरतो, आणि तो येथे थोडा फसवतो, कारण त्यातील ‘विवेक’ ऐकून नियमाच्या बाजूचे लोक अधिकाऱ्यांना अविवेकी ठरवत आहेत असे वाटते. वरच्या हिशेबात प्रत्येक वर्षाचा निर्णय विवेकानेच घेतलेला आहे. दर वेळी नव्याने ठरवण्याची मोकळीक हेच त्या अतिरिक्त महागाईचे मूळ आहे. मला ‘यथाप्रसंग निर्णय’ ही शब्दयोजना अधिक स्वच्छ वाटते.

मग सरळ नियमच का बांधू नये? मिल्टन फ्रीडमन यांनी पैशाचा पुरवठा दरवर्षी ठरावीक दराने वाढवण्याचा नियम सुचवला होता. पण लोकांची पैसा जवळ बाळगण्याची सवय बदलली की असा नियम चुकीच्या जागी घट्ट बसतो, आणि तेलाच्या किमती अचानक भडकल्या तर काय करावे हेही त्यात लिहिलेले नसते. मोकळीक हवी, पण मोहाचे कारण नको, अशी ही पेचाची स्थिती आहे, आणि स्वतंत्र मध्यवर्ती बँकेचा विचार येथून सुरू होतो.

केनेथ रोगॉफ यांनी १९८५ मध्ये सुचवले की निर्णय अशा व्यक्तीकडे द्यावा जिला समाजापेक्षा महागाईची अधिक चीड आहे. आपल्या उदाहरणात तिने महागाईच्या नुकसानाला चौपट वजन दिले, तर लोकांचा अंदाज आणि तिची निवड अर्ध्या टक्क्यावरच जुळतात, आणि समाजाच्या मोजमापाने नुकसान ८ ऐवजी सव्वाचार होते. याची किंमतही रोगॉफ यांनीच दाखवली आहे: पुरवठ्याला अचानक धक्का बसला, तर अशी व्यक्ती महागाई दाबण्यासाठी समाजाला रुचेल त्याहून जास्त बेरोजगारी सोसू देते.

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे उपाध्यक्ष राहिलेले ॲलन ब्लाइंडर यांचा आक्षेप वेगळा आहे. बँकेतील माणसे मुळात ४ टक्के बेरोजगारीचा पाठलाग करतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मला पटते, पण त्याने स्वातंत्र्याची बाजू कमजोर होत नाही. लक्ष्य ६ धरले की वरच्या हिशेबातला मोह नाहीसा होतो, आणि निवडणूक तोंडावर नसलेल्या संस्थेलाच ते लक्ष्य धरून राहणे सोपे जाते.

तुमच्या प्रश्नातील ‘स्वतंत्र’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहावे. गाय डिबेल आणि स्टॅन्ली फिशर यांनी यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: ध्येय ठरवण्याचे स्वातंत्र्य आणि साधन वापरण्याचे स्वातंत्र्य. कालविसंगतीवर उतारा म्हणून दुसरे पुरते, आणि त्यासाठी ‘स्वायत्तता’ हाच शब्द योग्य आहे. ब्रिटनमध्ये ६ मे १९९७ पर्यंत व्याजदराचा अंतिम निर्णय अर्थमंत्र्यांचा होता. त्या दिवशी गॉर्डन ब्राउन यांनी तो बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला. महागाईचे लक्ष्य मात्र सरकारच ठरवत राहिले. ते आधी अडीच टक्के होते, आणि महागाई लक्ष्यापासून एक टक्क्याहून अधिक ढळली की गव्हर्नरांनी अर्थमंत्र्यांना खुले पत्र लिहावे असे ठरले. असे पहिले पत्र एप्रिल २००७ मध्ये लिहावे लागले, कारण लक्ष्य २ टक्क्यांचे झाले होते आणि मार्चची महागाई ३.१ टक्के निघाली होती.

या बदलाने काय साधले हे महागाईच्या आकड्यापेक्षा लोकांच्या अंदाजात पाहावे. १९९७ च्या घोषणेनंतर दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या भावांतून दिसणारी महागाईची अपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने खाली आली, तीही धोरणाचा परिणाम किमतींपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी. याउलट एखाद्या वर्षी तेलामुळे महागाई लक्ष्यापलीकडे गेली आणि दहा वर्षांनंतरच्या महागाईचा अंदाज जागचा हलला नाही, तर तो धक्का आहे, कालविसंगती नव्हे. बेरोजगारी घटलेली नसताना दूरचा अंदाजच लक्ष्याच्या वर जाऊन बसला असेल, तरच हा शब्द वापरावा.

निर्णय माणसेच घेतात हे खरे. पण व्याजदर वाढवल्याबद्दल पुढच्या निवडणुकीत ज्यांना मते गमवावी लागणार नाहीत आणि लक्ष्य चुकल्यास ज्यांना स्वतःच्या सहीने कारण लिहून द्यावे लागते, अशी ती माणसे असतात. आणि वेतनाचा करार करणारा कामगार व मालक महागाईचा अंदाज बांधताना हे लक्षात घेतात.